आधी वर, मग पुढे, मग खाली : फोटोतील दुहेरी हनुवटी आणि मानेची ठेवण

फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या माणसाला ‘जरा ताठ बसा’ असे सांगितले की तो पाठीबरोबर हनुवटीही मागे ओढतो. शाळेच्या कवायतीत शिकलेली ती सवय आहे आणि चाळिशी-पन्नाशी उलटली तरी ती जात नाही. हनुवटी आत गेल्याबरोबर तिच्या खालची त्वचा दुमडते, गळ्यावर एक आडवी रेघ उमटते आणि आरशात कधी न दिसलेली दुहेरी हनुवटी फोटोत हजर होते. गिरगावातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत ओळखपत्राचे आणि कार्यालयीन फोटो काढताना मला रोज हेच दिसते. हा लेख ज्यांना फोटोसाठी कसे बसावे हे कोणी कधी सांगितलेले नाही, त्यांच्यासाठी आहे. प्रकाश आणि कपडे यांचा उल्लेख ओघाने येईल, पण मुख्य विषय एकच आहे : डोके धडावर नेमके कुठे ठेवायचे.

हनुवटीच्या टोकापासून गळ्याच्या खळीपर्यंतची त्वचा दोन टोकांना बांधलेल्या कापडासारखी असते. दोन टोके जवळ आली की कापड सैल पडून लोंबते, दूर गेली की ताणले जाते. त्या त्वचेच्या लगेच खाली चरबीचा एक थर असतो, त्याखाली मानेवर पातळ पसरलेला स्नायू असतो आणि त्या स्नायूच्याही मागे आणखी थोडी चरबी असते. हे सारे सर्वांनाच असते, फक्त कमी-अधिक प्रमाणात. मात्र जबड्याखालची आडवी रेषा आणि मानेची उभी रेषा यांचा कोन किती स्पष्ट दिसेल हे चरबीइतकेच जिभेच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा, घोड्याच्या नालेसारख्या हाडावर अवलंबून असते. बाजूने पाहिल्यास हा कोन साधारण १०५ ते १२० अंशांचा असेल तर मान रेखीव दिसते, असे शल्यचिकित्सक मानतात. ते हाड जन्मतःच थोडे खाली असेल, किंवा हनुवटीचे हाड मागे बसलेले असेल, तर कोन पसरट होतो आणि अगदी सडपातळ माणसाच्या फोटोतही हनुवटीखाली भरीव भाग दिसतो. त्यामुळे फोटोत दुहेरी हनुवटी दिसली की वजन वाढले, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने विचार करू. समोरून काढलेल्या फोटोत रुंदी आणि उंची दिसते, खोली जवळजवळ दिसत नाही. डोके तीन-चार सेंटिमीटर पुढे आले तर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते लगेच कळते, पण समोरच्या कॅमेऱ्याला फारसे कळत नाही. त्वचा मात्र खरोखर ताणली जाते, जबडा गळ्याच्या पुढे येतो आणि वरून येणाऱ्या प्रकाशात त्याची सावली मानेवर पडते. त्या सावलीमुळे चेहरा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते ते डोळ्याला स्पष्ट कळते. पुढे सांगितलेली सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

तयारी

मोबाइल हातात धरून हे शिकता येत नाही, म्हणून तो टेबलावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवावा. त्याची लेन्स तुमच्या डोळ्यांच्या रेषेत, किंवा फार तर चार बोटे वर असावी. अंतर किमान दीड मीटर ठेवावे. दहा बाय बाराच्या खोलीतही पलंग थोडा सरकवला की तेवढे अंतर मिळते. फोनमध्ये दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरावी आणि दहा सेकंदांचा टायमर लावावा.

अंतराचा आग्रह धरण्यामागे साधा हिशेब आहे. सेल्फीत चेहरा कॅमेऱ्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर असतो. तिथे डोके चार सेंटिमीटर पुढे आणले की अंतर ५६ होते आणि चेहरा जवळजवळ सात टक्के मोठा दिसतो. कान आणि खांदे त्या मानाने मागेच राहतात, त्यामुळे कपाळ व नाक फुगल्यासारखे वाटतात. दीड मीटरवर तेच चार सेंटिमीटर तीन टक्क्यांपेक्षाही कमी फरक करतात आणि तो लक्षात येत नाही. शिवाय सेल्फीसाठी हात उंचावला की त्या बाजूचा खांदा वर चढतो आणि मान आखूड दिसते. म्हणून सेल्फीत ही युक्ती अर्धीच साधते.

प्रकाशासाठी खिडकीसमोर किंवा चाळीच्या गॅलरीकडे तोंड करून बसावे, आणि प्रकाश डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वरून येईल असे पाहावे. मांडीवर पांढरी ओढणी असेल, समोर पांढरे टेबल असेल किंवा पायाखाली चकचकीत फरशी असेल तर खालून परावर्तित होणारा उजेड जबड्याखालची सावली पुसून टाकतो. तिथे गडद चादर टाकली की सावली परत येते. मुंबईच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते : गळ्याच्या घडीत घाम साचतो आणि ती रेघ उजेडात चमकते. फोटोच्या आधी रुमालाने गळा नीट टिपून घ्यावा. प्रत्यक्षात जितकी घडी असते त्यापेक्षा ती ठळक दिसण्याचे निम्मे कारण अनेकदा हा ओलावाच असतो.

भिंतीशी सराव

प्रत्यक्ष फोटोआधी एकदा भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसावे. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवावा, नजर समोर ठेवावी आणि हनुवटीखाली हलकेच अंगठा लावून पाहावा. तिथे मऊ गोळा हाताला लागतो. आता चेहरा वर-खाली न झुकवता, टेबलाचा खण जसा सरळ बाहेर येतो तसे, पूर्ण डोके पुढे सरकवावे. डोके आणि भिंत यांच्यात दोन बोटे मावतील एवढे आले की थांबावे, मग चार बोटे मावतील एवढे आणावे. प्रत्येक वेळी अंगठ्याखालची त्वचा अधिकाधिक ताणलेली लागते. कोणत्या अंतरावर गोळा सपाट होतो हे प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते शोधणे हाच या सरावाचा हेतू आहे. त्याही पुढे गेलात तर गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे स्नायू उठून दिसतात. ते दिसू लागले की आपण मर्यादा ओलांडली असे समजून थोडे मागे यावे.

सराव करताना नवशिक्यांची एक चूक हमखास होते. डोके पुढे न्यायला सांगितले की ते हनुवटी पुढे नेतात, म्हणजे चेहरा वर उचलतात. दोन्ही कृती मनाला सारख्या वाटल्या तरी वेगळ्या आहेत. हनुवटी वर गेल्याने त्वचा ताणली जाते हे खरे, पण जबड्याखालचा सगळा भाग कॅमेऱ्यासमोर उघडा पडतो, त्यावर उजेड येतो आणि नाकपुड्याही दिसू लागतात. म्हणून मी लोकांना ‘हनुवटी पुढे’ असे कधीच सांगत नाही. ‘कपाळ कॅमेऱ्याकडे न्या’ असे सांगितले की हालचाल आपोआप बरोबर होते.

क्रम

भिंतीपासून दूर येऊन आता कॅमेऱ्यासमोर बसावे. स्टुलाच्या पुढच्या निम्म्या भागावर बसावे, पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेले असावे.

प्रथम वर. डोक्याच्या मागच्या उंचवट्याला, जिथे शेंडी असते तिथे, कोणी दोरा बांधून छताकडे ओढत आहे अशी कल्पना करून पाठ आणि मान लांब करावी. छातीचे मधले हाड वर उचलले जाते, खांदे मात्र वर जाता कामा नयेत. खांदे उतरत नसतील तर ते मुद्दाम कानांपर्यंत न्यावेत आणि श्वास सोडताना सैल सोडून द्यावेत. ही पायरी वगळून थेट पुढे गेलात तर पोक काढून फोनमध्ये पाहणाऱ्या माणसासारखी आकृती होते. त्वचा ताणलेली असली तरी मान तिरकी पडल्याने समोरून आखूड दिसते आणि डोके खांद्यांत रुतल्यासारखे वाटते.

मग पुढे. आधी कमरेतून किंचित पुढे झुकावे, पाठ न वाकवता, आणि मग भिंतीशी शोधलेल्या अंतराएवढे कपाळ कॅमेऱ्याकडे न्यावे. कमरेतून झुकल्यामुळे सगळे काम मानेवर पडत नाही आणि चेहऱ्यावर ताण दिसत नाही.

शेवटी खाली. डोके पुढे गेल्यावर हनुवटी बोटभर खाली आणावी. त्यामुळे जबड्याखालचा भाग कॅमेऱ्याच्या नजरेआड होतो. हीच हनुवटी डोके पुढे न नेता खाली आणली असती तर घडी पडली असती. त्वचा आधी ताणून घेतलेली असल्याने आता एवढ्याशा झुकण्याने ती दुमडत नाही. हालचाली त्याच राहून क्रम बदलला तर परिणाम उलटा होतो, हे इथे फार जपायचे आहे.

या स्थितीत जिभेचा मधला भाग टाळूला हलकेच टेकवला तर तोंडाचा तळ थोडा उचलला जातो आणि हनुवटीखालचा भाग किंचित वर येतो. हलकेच हा शब्द महत्त्वाचा आहे. जीभ जोरात दाबली तर तळाचे स्नायू घट्ट होऊन खालच्या बाजूला फुगतात, हे हनुवटीखाली अंगठा ठेवून कोणालाही पडताळता येते.

एक उदाहरण

काही दिवसांपूर्वी एक चार्टर्ड अकाउंटंट ताई व्यावसायिक ओळखीसाठी फोटो काढायला आल्या. बांधा सडपातळ, मान लांब, तरी त्यांच्या आधीच्या प्रत्येक फोटोत दुहेरी हनुवटी होती. ‘दादा, मी वजन तरी आणखी किती कमी करू?’ असे त्यांनी अगदी कळकळीने विचारले. मी त्यांचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने काढला. बाजूच्या फोटोत कारण स्पष्ट दिसले : हनुवटीचे टोक खालच्या ओठाच्या बरेच मागे होते आणि जबड्याखालची रेषा मानेकडे हळूहळू उतरत जात होती. वजनाशी याचा फारसा संबंध नव्हता, आणि ते त्यांना फोटो दाखवून सांगता आले.

दुसऱ्या फोटोत त्यांना फक्त वर व्हायला सांगितले. मान लांब झाली, पण जुन्या सवयीने हनुवटी आत गेली आणि घडी पहिल्यापेक्षा खोल पडली. तिसऱ्या वेळी कपाळ पुढे आले, घडी गेली, पण चेहरा वर उचलला गेल्याने कानाच्या पाळ्या ओठांच्या दिशेने खाली उतरलेल्या दिसल्या. पडताळणीची ही सोपी खूण आहे. चेहरा सरळ असताना कानाचे छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड साधारण एका आडव्या रेषेत येतात. कान त्या रेषेखाली दिसले तर चेहरा वर उचललेला आहे, आणि रेषेवर चढलेले दिसले तर तो खाली झुकलेला आहे. चौथ्या फोटोत हनुवटी बोटभर खाली आणली आणि जबड्याची कड अखंड दिसू लागली. पण डोळे वटारल्यासारखे वाटत होते, कारण सगळा भार मानेवर होता आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता. पाचव्या वेळी कमरेतून झुकून, श्वास सोडत असताना फोटो घेतला. तो त्यांनी ठेवला.

त्यानंतर त्यांना हसताना फोटो हवा होता आणि तिथे घडी परत आली. मनापासून हसताना माणूस डोके मागे टाकतो, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी हसण्याआधी थोडे जास्त पुढे झुकून बसावे, म्हणजे हसताना डोके मागे गेले तरी ते योग्य जागेच्या आसपासच थांबते. हसण्याच्या अगदी टोकाच्या क्षणाऐवजी ते ओसरताना टिपलेला फोटो मला अधिक चांगला वाटतो, कारण तेव्हा मान पुन्हा लांब झालेली असते आणि डोळ्यांतले हसू मात्र टिकून असते.

जिथे ही पद्धत थांबते

पूर्ण बाजूने काढलेल्या फोटोत खोलीच रुंदी होते, म्हणून डोके पुढे नेलेले लपत नाही आणि माणूस कासवासारखा दिसतो. तिथे ‘वर’ हीच पायरी मुख्य ठेवावी आणि पुढे जाणे बोटभरच असावे. मागे बसलेली हनुवटी बाजूच्या फोटोत तशीच दिसणार. पाऊण चेहऱ्याच्या फोटोत धड वळलेले असले तरी कपाळ कॅमेऱ्याच्याच दिशेने न्यायचे असते. धडाच्या दिशेने नेले तर तो ताण वाया जातो आणि गळ्यावर तिरकी सुरकुती येते. हनुवटीखाली चरबी जास्त असेल तर ती ठेवणीने नाहीशी होत नाही. घडी पुसट होते आणि उरलेला भाग सावलीत जातो, एवढेच.

मानेचा स्पाँडिलोसिस, चक्कर किंवा हातात मुंग्या येण्याचा त्रास असलेल्यांनी डोके पुढे सरकवण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी कमरेतून झुकणे आणि कॅमेरा चार बोटे वर नेणे पुरेसे असते. तसेच सगळ्या फोटोंत, ठेवण बदलली तरी, जबड्याखाली एकाच बाजूला फुगवटा दिसत असेल, तर तो ठेवणीचा प्रश्न नाही. तिथली गाठ किंवा लाळग्रंथीची सूज असू शकते, आणि ती डॉक्टरांना दाखवावी.

दागिन्यांबद्दल थोडेसे. ठुशी आणि चिंचपेटी गळ्याला लागून बसतात. त्या उंच बांधल्या तर हनुवटी खाली आणताच त्वचा त्यांच्यावर टेकते आणि नसलेली घडी तयार होते. मागची दोरी दोन बोटे सैल करून दागिना गळ्याच्या खळीकडे उतरवला की जागा मोकळी होते. शर्टाच्या घट्ट कॉलरलाही हेच लागू आहे.

वरील कृती एकदा अंगवळणी पडली की लोकलच्या डब्यात लावलेल्या हनुवटीच्या उपचारांच्या जाहिराती वेगळ्या नजरेने वाचता येतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या दोन फोटोंत कान डोळ्यांच्या तुलनेत एकाच उंचीवर आहेत का, गळ्याची हाडे सारखीच दिसतात का आणि जबड्याखालची सावली एकाच दिशेने पडली आहे का, हे पाहावे. यांतले काही बदललेले असेल तर दिसणारा फरक किती उपचाराचा आणि किती मानेचा, हे त्या फोटोंवरून ठरवता येत नाही.

पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा आधार केंद्रात कॅमेरा, प्रकाश आणि अंतर यांपैकी काहीच आपल्या हाती नसते. तिथला कॅमेरा अनेकदा टेबलावर, डोळ्यांपेक्षा खाली ठेवलेला असतो, आणि त्यात पाहण्यासाठी माणूस नुसती हनुवटी खाली घेतो. तिथे नियमाप्रमाणे चेहरा सरळच हवा, म्हणून तिसरी पायरी सोडून द्यावी. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसावे, मान लांब करावी, कमरेतून किंचित पुढे यावे आणि कपाळ दोन बोटे पुढे न्यावे. कर्मचाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले की फक्त डोळे हलवावेत, आणि पडद्यावर फोटो दिसल्यावर घडी पडलेली आढळली तर तो जतन होण्याआधीच पुन्हा घेण्याची नम्रपणे विनंती करावी.